पैसे कटले, पण कागद निघाला नाही

मृग लागला की चोपड्याच्या कृषी केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. माझं काम स्वाइप मशीन बसवायचं आणि बिघडली तर बघायचं, म्हणून त्या दिवसांत माझा फोनही थांबत नाही. अशाच एका दुपारी एका दुकानदाराचा फोन आला. "भाऊ, पैसा कटी गयात, पन कागद निंघना नही." एका शेतकरी काकांनी बियाणं आणि खत मिळून ८,६४० रुपयांचा माल घेतला होता. कार्ड लावलं, पिन दाबला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी नेटवर्क नाही म्हणालं. इकडे काकांच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेज हजर. दुकानदार विचारत होता, पुन्हा कार्ड लावू का?

मी म्हटलं, थांबा, आधी कार्ड परत लावू नका. का, ते समजायला त्या मशीनमधून नेमकं काय बाहेर पडतं ते उघडून पाहावं लागतं.

पिन दाबल्यावर मशीन बँकेला एक छोटा संदेश पाठवतं. त्याची मांडणी आयएसओ ८५८३ या मानकाने ठरवलेली आहे. हे मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं आणि कार्डाच्या जगात अजून तेच चालतं. संदेश दुकानाच्या मशीनकडून मशीन देणाऱ्या बँकेकडे जातो, तिथून रुपेसारख्या नेटवर्ककडे आणि तिथून काकांच्या बँकेकडे. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. काकांचा संदेश साधारण असा दिसला असता (आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, काही रकाने गाळले आहेत):

```
0100
723C040008C09200
03: 000000
04: 000000864000
11: 004517
12: 114208
13: 0612
22: 051
37: 516311004517
41: JL104827
49: 356
```

पहिली ओळ संदेशाचा प्रकार सांगते. `0100` म्हणजे मंजुरीची विनंती. उत्तर येतं तेव्हा तिसरा अंक बदलून ते `0110` होतं.

दुसरी ओळ मला सगळ्यात देखणी वाटते. तिला बिटमॅप म्हणतात, पण तो खरं तर हजेरीपट आहे. एका हजेरीपटात ६४ रकाने मावतात, आणि प्रत्येक वेळी सगळे भरायची गरज नसते. म्हणून आधीच ६४ खुणा पाठवतात: रकाना हजर असेल तर १, नसेल तर ०. चार-चार खुणांचं एक अक्षर करून ही ओळ लिहिलेली आहे. सुरुवातीचं `72` सुटं केलं की `0111 0010` मिळतं, म्हणजे २, ३, ४ आणि ७ हजर, १, ५, ६ आणि ८ गैरहजर. बँकेचा संगणक हजेरी वाचतो आणि पुढचा मजकूर त्याच क्रमाने तोडत जातो. एक खूण चुकली तर पुढचे सगळे रकाने सरकतात, आणि टर्मिनलच्या नंबराच्या जागी भलतंच काहीतरी वाचलं जातं.

चौथा रकाना रकमेचा. त्याला ठरलेली बारा घरं आहेत आणि त्यात दशांश चिन्ह नसतं. ८,६४० रुपयांचे ८,६४,००० पैसे होतात आणि डावीकडे शून्यं भरून `000000864000` तयार होतं. हे पैसेच आहेत हे बँकेला ४९ व्या रकान्यातून कळतं. `356` हा भारतीय रुपयाचा क्रमांक आहे आणि रुपयाला दोन दशांश घरं असतात.

कार्डाची माहिती एकाच रकान्यात नसते. दुसऱ्या रकान्यात कार्डाचा नंबर, चौदाव्यात मुदत. बाविसाव्यातला `051` सांगतो की चिप वाचली आणि मशीनला पिन घेता येतो. पिन मात्र उघडा कधीच जात नाही. बटणं दाबली जातात तिथेच, मशीनच्या आतच, त्याची कुलूपबंद गाठोडी होते आणि ती ५२ व्या रकान्यात जाते. पंचावन्नावा रकाना चिपचा स्वतःचा. चिप आपल्या आतल्या गुप्त किल्लीने या एका व्यवहारापुरती सही करते, आणि त्या सहीत रक्कमही गुंतलेली असते. वाटेत कुणी चौथ्या रकान्यातले ८,६४० चे ८६,४०० केले, तर तो आकडा सहीत गुंतलेल्या रकमेशी जुळत नाही.

आता ४१ वा. `JL104827` ही आठ अक्षरं म्हणजे त्या मशीनची ओळख, ज्याला आम्ही टीआयडी म्हणतो. अकरावा रकाना हा त्या व्यवहाराचा सहा अंकी अनुक्रमांक. सदतिसावा आरआरएन, म्हणजे व्यवहार पुन्हा शोधायचा संदर्भ क्रमांक. बऱ्याच ठिकाणी त्यात वर्षाचा शेवटचा अंक, वर्षातला कितवा दिवस, तास आणि मग अनुक्रमांक असे जोडलेले असतात. वरच्या उदाहरणात ५, १६३ आणि ११, म्हणजे २०२५ मधला १२ जून, अकराचा तास.

उत्तरात मुख्य भर ३९ व्या रकान्यावर. तो फक्त दोन अक्षरांचा. `00` म्हणजे मंजूर, `51` म्हणजे खात्यात पैसे नाहीत, `55` म्हणजे पिन चुकला, `91` म्हणजे कार्डाची बँक किंवा संदेश पुढे धाडणारं वाटेतलं स्विच उत्तर देत नाही. मंजुरी असेल तर ३८ व्या रकान्यात सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांकही येतो.

काकांच्या बाबतीत `00` निघालं होतं. बँकेने रक्कम वळती केली, मेसेज पाठवला, पण उत्तर दुकानापर्यंत पोचण्याआधीच सिमचं नेटवर्क गेलं. बँकेच्या दृष्टीने व्यवहार झाला, मशीनच्या दृष्टीने झालाच नाही. दुकानदाराने तेव्हा पुन्हा कार्ड लावलं असतं, तर नव्या अनुक्रमांकाचा नवा `0100` गेला असता. रक्कम, दुकान, कार्ड सारखं असलं तरी अनुक्रमांक वेगळा, म्हणून बँकेने तो दुसरा व्यवहार मानला असता आणि काकांचे आणखी ८,६४० गेले असते.

अशा वेळेसाठी मशीनकडे वेगळा संदेश असतो, `0400`, म्हणजे आधीचा व्यवहार उलटवा. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की मशीन तो स्वतःच तयार करतं. कुठला व्यवहार उलटवायचा हे बँकांमधल्या संदेशात ९० व्या रकान्यात सांगतात. त्यात मूळ संदेशाचा प्रकार, अनुक्रमांक, तारीख-वेळ भरलेली असते. हा रकाना ६४ च्या पुढचा, म्हणून हजेरीपटाची पहिलीच खूण १ होते: पुढे दुसरा हजेरीपट आहे, असा तिचा अर्थ.

पण हा `0400` सुद्धा त्याच नेटवर्कवरून जायचा. नेटवर्क नाही तर तो मशीनच्या पोटात पडून राहतो. मी दुकानदाराला विचारलं, मशीन चालू आहे ना? वैतागून त्याने ते बंद करून गल्ल्यात टाकलं होतं. मी म्हटलं, चालू करा आणि रेंज येते तिथे धरा. तो मशीन घेऊन रस्त्यावर गेला. दोन-तीन मिनिटांनी आवाज आला, रिव्हर्सल झाल्याचा कागद निघाला.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. काकांना मी मोबाइलवरचा मेसेज पुसू नका म्हटलं, आणि दुकानदाराला टीआयडी, वेळ आणि रक्कम एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यायला लावलं. स्लिप नसताना बँकेतल्या माणसाला शोध घ्यायला एवढंच पुरतं. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बियाण्याचे पैसे त्या दिवशी रोख दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने कळवलं, काकांचे पैसे आले.