लाली घालवणारे आय ड्रॉप आणि पलट-लाली

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याला कंजंक्टिव्हा म्हणतात. या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या की डोळा लाल दिसतो. त्या वाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करून डोळा पांढरा दाखवणाऱ्या थेंबांना लाली घालवणारे आय ड्रॉप म्हणतात. त्यांत नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन किंवा फेनिलेफ्रिन यांपैकी एखादे औषध असते. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत त्याच्या जोडीला क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध आणि थंडावा देणारा मेंथॉल किंवा कापूर असतो. ही औषधे लालीचे कारण बरे करत नाहीत, आणि पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुरू होतात.

रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. त्यावरच्या अल्फा रिसेप्टर नावाच्या संदेश घेणाऱ्या जागांना ही औषधे चिकटली की स्नायू आवळतो आणि वाहिनी अरुंद होते. डोळा काही मिनिटांतच स्वच्छ दिसतो आणि काही तास तसाच राहतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी, एखाद्या समारंभापुरता थेंब टाकला तर सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या वापराने. रिसेप्टर औषधाला सरावतात, मग तोच थेंब कमी वेळ टिकू लागतो. असर उतरला की आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि काही जणांत आधीपेक्षा जास्त फुगतात. यालाच पलट-लाली म्हणतात. ती प्रत्येकाला होते असे नाही, आणि चार-दोन दिवसांच्या वापरात सहसा दिसतही नाही. आठवडे, महिने चाललेल्या वापरात मात्र ती नेत्रतज्ज्ञांना चांगली परिचित आहे. ब्रिमोनिडिन 0.025 टक्के हा नवा पर्याय दुसऱ्या प्रकारच्या अल्फा रिसेप्टरवर काम करतो आणि त्याच्या वापरानंतर पलट-लाली कमी जणांत दिसते. पण कारण त्यानेही झाकलेच जाते.

मुंबईत हा प्रकार कसा सुरू होतो, ते एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू. बोरिवलीहून लोअर परळला कामाला येणारी एक व्यक्ती दिवसभर एसीच्या झोतात स्क्रीनसमोर बसते. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, अश्रूंचा थर सुकतो, आणि संध्याकाळी डोळे लाल होऊन चुरचुरतात. मूळ तक्रार डोळ्यांच्या कोरडेपणाची असते. मेडिकलवर “डोळे लाल होतायत, काहीतरी द्या” म्हटल्यावर लालीवरचा ड्रॉप हातात पडतो. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी एक थेंब पुरतो. महिनाभरात सकाळी निघतानाही टाकावा लागतो, कारण उठल्या उठल्या डोळे लाल असतात. मग दुपारीही. तीन महिन्यांनी बाटली बॅगेतच असते आणि थेंबाशिवाय डोळा कधीच पांढरा नसतो. बाटलीतल्या बेंझाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हने दिवसातून चार-पाच वेळा अश्रूंच्या थराला इजा होत राहते, म्हणजे मूळचा कोरडेपणाही वाढतो.

ओळखायची खूण इथे आहे. लाली थेंबाच्या वेळापत्रकाने चढत-उतरत असेल, दोन थेंबांमधले अंतर कमी कमी होत असेल, आणि थेंब सुरू करण्याआधीपेक्षा सकाळचे डोळे जास्त लाल असतील, तर संशय बाटलीवर घ्यावा.

उपाय म्हणजे थेंब बंद करणे. पहिले काही दिवस डोळे आणखी लाल होतात आणि नेमके त्याच टप्प्यावर अनेक जण पुन्हा बाटली उघडतात. या दिवसांत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू आणि स्वच्छ कापडाची थंड घडी यांचा आधार घेता येतो. लाली ओसरायला साधारण काही आठवडे लागतात. वापर वर्षानुवर्षे चालला असेल तर त्याहून जास्तही लागू शकतात. आपल्या उदाहरणातल्या व्यक्तीने शिवाय एसीचा झोत चेहऱ्यावरून हटवायला हवा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घ्यायला हवी आणि मुद्दाम पापण्या मिटायला हव्यात, नाहीतर मूळ तक्रार जागच्या जागी राहते. मात्र “पलट-लालीच असेल” हे घरी बसून ठरवू नये. ड्रॉप बंद करण्याआधी एकदा डोळे दाखवून घेणे योग्य, कारण सतत लाल डोळ्यामागे पापण्यांच्या कडांची सूज, अ‍ॅलर्जी किंवा आतला दाहही असू शकतो.

काही लाल डोळ्यांवर हे थेंब टाकूच नयेत. त्याच दिवशी तपासणी हवी. डोळा ठणकत असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल, दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील किंवा लालीसोबत डोकेदुखी आणि उलटी असेल, तर कॉर्निया या डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या भागावरची जखम, आतल्या भागाचा दाह किंवा डोळ्याचा दाब अचानक वाढणे यांची शक्यता असते. या शेवटच्या स्थितीचा धोका असलेल्या डोळ्यात फेनिलेफ्रिनसारखे बाहुली मोठी करणारे औषध स्वतःच झटका आणू शकते. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दाटलेली असेल, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, डोळ्याला मार लागला असेल किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंगचा कण उडाला असेल, तरी थांबू नये. चुना किंवा अ‍ॅसिड गेले असेल तर आधी निदान 15 मिनिटे नळाच्या पाण्याने डोळा धुवावा आणि मग दवाखान्यात धाव घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने लाल डोळ्यातली लेन्स लगेच काढावी आणि दुखत असेल तर दुसरा दिवस उजाडू देऊ नये; लेन्सखालचा जंतुसंसर्ग कॉर्निया झपाट्याने खराब करतो. यांपैकी काहीच नसेल, तरी तीन दिवसांत लाली उतरली नाही तर डोळे दाखवावेत.

पावसाळ्यात मुंबईत डोळे येण्याची साथ पसरते, 2023 च्या जुलैतही ती मोठी होती. अशा वेळी ऑफिस चुकू नये म्हणून लालीचा ड्रॉप टाकून लोकल पकडणारे दिसतात. डोळा पांढरा दिसला तरी विषाणू अश्रूंत आणि हातावर असतोच, आणि तो डब्यातल्या दांडीवरून पुढच्याच्या हातावर जातो. इथे घरी थांबणे, हात धुणे आणि टॉवेल वेगळा ठेवणे हेच कामाचे.

आणखी एक धोका मेडिकलच्या काउंटरवरचा आहे. लाली घालवायला म्हणून कधी डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेला ड्रॉप दिला जातो. त्यानेही डोळा पटकन पांढरा होतो, पण देखरेखीशिवाय वापरल्यास डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो आणि नागीण किंवा बुरशीचा संसर्ग भडकू शकतो. म्हणून बाटलीवरचे औषधाचे नाव वाचावे. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन एक-दोन मिलिलिटर जरी पोटात गेले तरी मूल सुस्त पडणे, नाडी मंदावणे आणि श्वास उथळ होणे असे परिणाम होऊ शकतात. अशा वेळी उलटी करवण्यात वेळ न घालवता बाटलीसकट रुग्णालय गाठावे.

तपासणीत नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली लाली वरवरची की खोल ते पाहतात, पिवळ्या रंगाच्या पट्टीने कॉर्नियावरची जखम शोधतात आणि गरज वाटली तर दाब मोजतात. गंमत अशी की याच गटातले फेनिलेफ्रिन त्यांच्या हातात निदानाचे साधन होते: थेंब टाकल्यावर वरच्या वाहिन्या पांढऱ्या पडल्या तर दाह उथळ, तशाच लाल राहिल्या तर खोलवरच्या स्क्लेराच्या, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या, दाहाचा संशय. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांच्या नेत्र विभागात ही तपासणी होते. जाताना वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात, संपलेल्याही, आणि त्या दिवशी सकाळी थेंब टाकू नये, म्हणजे डॉक्टरांना डोळ्याची खरी लाली दिसते.