अनेकांतवाद आणि मतभेद

वस्तूला एकाच वेळी अनेक धर्म असतात आणि त्यांपैकी कोणताही एक धर्म म्हणजे सगळी वस्तू नव्हे, हे सांगणारा जैन दर्शनातील सिद्धांत. ‘अंत’ या शब्दाचा अर्थ येथे शेवट असा नसून बाजू किंवा धर्म असा आहे. याच सिद्धांताला बोलण्याच्या पातळीवर स्याद्वाद आणि विचाराच्या पातळीवर नयवाद म्हणतात. ही तीन नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्रस्तुत नोंदीत मात्र वस्तूचे अनेकधर्मी असणे तो अनेकांत, एक धर्म धरून पाहणे तो नय आणि अट नोंदवून बोलणे तो स्याद्वाद, असा भेद पाळला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. ‘अनेकांत’ हा शब्द सिद्धांताचे नाव म्हणून आगमांत, म्हणजे जैनांच्या प्राचीन धर्मग्रंथांत, रूढ झालेला दिसत नाही. तेथे आढळते ती प्रश्न विभागून उत्तर देण्याची पद्धत. सूत्रकृतांगात साधूने ‘विभज्यवादा’ने बोलावे असे सांगितले आहे. भगवतीसूत्रात कौशांबीची श्राविका जयंती महावीरांना विचारते, झोपलेले बरे की जागे? उत्तर असे, की अधर्माने वागणाऱ्यांचे झोपणे बरे, धर्माने वागणाऱ्यांचे जागणे बरे. त्याच ग्रंथात स्कंदक परिव्राजकाला लोक म्हणजे विश्व द्रव्याने व क्षेत्राने सान्त, तर कालाने व भावाने अनंत असल्याचे सांगितले आहे. तथापि विभज्यवादी हे विशेषण बुद्धानेही स्वतःला लावून घेतले होते, त्यामुळे एवढ्यावरून ही पद्धत केवळ जैनांची ठरत नाही. महावीरांच्या दहा स्वप्नांतील रंगीबेरंगी पंखांचा कोकिळ हे अनेकांताचे प्रतीक असल्याचे पं. दलसुख मालवणिया यांनी मांडले. हे मत आकर्षक आहे, पण खुद्द आगमात त्या स्वप्नाचा अर्थ स्वमत-परमत सांगणाऱ्या द्वादशांगाचा, म्हणजे बारा अंगग्रंथांचा, उपदेश असा दिला आहे. शिवाय श्वेतांबर आगमांचे आजचे रूप वलभी येथील इ. स. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या संकलनातले असून दिगंबर परंपरा ते प्रमाण मानत नाही. म्हणून बीज महावीरांच्या काळाजवळचे आणि शास्त्र म्हणून मांडणी उमास्वाती, सिद्धसेन, समंतभद्र या आचार्यांच्या हातची, हा मधला पक्ष अधिक सुरक्षित वाटतो. या तिघांचे कालही निश्चित नाहीत. आंधळे आणि हत्ती ही लोकप्रिय कथा बौद्धांच्या उदान या ग्रंथात येते. जैन ग्रंथांत ती बरीच नंतर रूढ झाली.

समंतभद्रांनी आप्तमीमांसेत दिलेला दृष्टांत मतभेदाच्या दृष्टीने हत्तीपेक्षा जास्त उपयोगी आहे. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला जात आहे. ज्याला घडा हवा होता त्याला दुःख होते, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो, ज्याला नुसते सोने हवे आहे त्याला दोन्ही नाही. तिघांच्या भावना वेगळ्या असून त्या ‘सहेतुक’ आहेत, असे श्लोकात म्हटले आहे. हा शब्द महत्त्वाचा. घडा खरोखरच नाहीसा झाला, मुकुट खरोखरच झाला आणि सोने खरोखरच टिकले. हत्तीच्या कथेत प्रत्येक आंधळा चुकतो आणि डोळस माणूस बाजूला उभा राहून हसू शकतो. येथे चुकणारा कोणीच नाही आणि बाहेर उभा राहणाराही कोणी नाही. तिघांपैकी कोणी ‘एवढेच घडले’ म्हणाला तरच चूक सुरू होते.

चूक नेमकी कोठे सुरू होते, याचे व्याकरण जैन आचार्य हेमचंद्रांनी (१०८८–११७२) एका ओळीत बसवले: ‘सदेव’, ‘सत्’ आणि ‘स्यात् सत्’. ‘आहेच’ हा दुर्नय, ‘आहे’ हा नय, ‘अमुक अपेक्षेने आहे’ हे प्रमाण. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण आपला ‘च’ नेमके हेच काम करतो. मात्र यात एक खोच आहे. सप्तभंगीची, म्हणजे एकाच वस्तूविषयी अट नोंदवून करायच्या सात प्रकारांची, विधाने ‘स्यात् अस्ति एव’ अशी मांडतात, म्हणजे त्यांतही ‘एव’ असतोच. दोष ‘च’ लावण्यात नाही. अट न सांगता तो लावण्यात आहे. अट एकदा नोंदवली की तिच्या आत विधान पूर्ण निश्चित असते. ‘स्यात्’चे भाषांतर ‘कदाचित’ असे केल्याने स्याद्वाद हा संशयवाद असल्याचा गैरसमज झाला. ‘एका अपेक्षेने’ हे भाषांतर बरे.

सगळेच सगळ्या बाजूंनी खरे, असाही याचा अर्थ नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी टोमणा मारला होता, की सर्व वस्तू उभयरूप असतील तर ‘दही खा’ म्हटल्यावर माणूस उंटाकडे का धावत नाही? जैन आचार्य अकलंकांनी (आठवे शतक) त्याच सुरात परतफेड केली: सुगत म्हणजे बुद्ध पूर्वजन्मी हरिण होता, तरी तुम्ही सुगताला वंदन करता आणि हरिण खाद्य मानता. द्रव्याने सातत्य असले तरी पर्यायाने, म्हणजे बदलत्या अवस्थेने, भेद राहतो आणि व्यवहार त्या भेदावर चालतो, हा उत्तराचा गाभा.

नैतिक वादात ही पद्धत कशी चालते हे सल्लेखनेच्या (संथारा) उदाहरणावरून पाहता येते. क्रमाक्रमाने आहार सोडून मृत्यूला सामोरे जाण्याचे हे व्रत आत्महत्येत मोडते, असा निर्णय राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्याला स्थगिती दिली. वादात ‘ही आत्महत्याच’ आणि ‘हे शुद्ध धर्माचरणच’ अशी दोन विधाने समोरासमोर उभी राहतात. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक ‘च’मागची अट शोधणे. विरोधकाचे विधान परिणामाच्या अपेक्षेने खरे आहे: अन्न थांबवल्याने मृत्यू येतो आणि हे व्रत घेणाऱ्याला माहीत असते. घरातल्या वृद्धावर प्रतिष्ठेचा दाब येऊ शकतो, हेही व्यवहाराच्या अपेक्षेने खरे. समर्थकाचे विधान भावाच्या अपेक्षेने खरे आहे: आत्महत्येत राग-द्वेष असतात, येथे ते नसावेत अशी अपेक्षा आहे.

दुसरी पायरी अधिक कठीण. विरोधकाच्या नयात जे खरे निघाले ते समर्थकाने आपल्याच ग्रंथांतून तपासायचे. रत्नकरंडश्रावकाचारात सल्लेखनेसाठी उपसर्ग म्हणजे ओढवलेले संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग यांचा उल्लेख असून त्यांना ‘निष्प्रतीकार’ अशी अट जोडली आहे, म्हणजे ज्यावर उपाय उरलेला नाही. तत्त्वार्थसूत्र या व्रताचे पाच अतिचार म्हणजे दोष सांगते. त्यांत जगण्याच्या इच्छेबरोबर मरण्याची इच्छा हाही दोष आहे. म्हणजे उपचार शक्य असताना, जगण्याला कंटाळून किंवा घरच्यांच्या आग्रहाने घेतलेले व्रत परंपरेच्या स्वतःच्या मापाने सदोष ठरते. एवढे मान्य झाले की वाद ‘श्रद्धा विरुद्ध कायदा’ या भिंतीवरून उतरून तपासता येण्याजोग्या प्रश्नांवर येतो: आजार खरोखर निष्प्रतीकार होता का, संमती कोणी आणि कधी घेतली, मन बदलले तर परत फिरता आले असते का. सगळा वाद मात्र यातून मिटत नाही. आपले शरीर सोडण्याचा हक्क आपला आहे की नाही, या मुद्द्यावर दोन्ही पक्षांच्या अटी जुळत नाहीत. येथे अनेकांत निर्णय देत नाही; तंटा नेमका कोठे उरला तेवढे दाखवतो.

पद्धत बिघडल्याची खूण ओळखणे सोपे आहे. ‘तुमच्या दृष्टीने तुमचे बरोबर’ असे म्हणून अट न विचारताच विषय बंद केला, तर तो अनेकांत नव्हे. समंतभद्रांच्या शब्दांत, निरपेक्ष नय मिथ्या असतात. सापेक्ष झाले तरच ते वस्तूपर्यंत पोचतात. अमृतचंद्रांनी यासाठी ताक घुसळणाऱ्या गवळणीची उपमा दिली आहे. ती रवीची दोरी एका हाताने ओढते आणि दुसऱ्या हाताने सैल सोडते. सैल सोडलेले टोक तिने हातातून टाकून दिले तर घुसळणेच थांबेल.

सहिष्णुतेचा सिद्धांत ही अनेकांताची आजची ओळख बरीच अलीकडची आहे. ‘बौद्धिक अहिंसा’ हा अर्थ आनंदशंकर ध्रुव यांनी १९३३ मध्ये स्याद्वादमंजरीच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मांडला आणि तो पुढे सर्वत्र पसरला, असे जैन धर्माचे अभ्यासक जॉन कोर्ट यांनी २००० मध्ये दाखवून दिले. गमतीचा भाग असा, की स्याद्वादमंजरी (मल्लिषेण, १२९२) हा प्रामुख्याने परमतखंडनाचा ग्रंथ आहे. तो हेमचंद्रांच्या ज्या बत्तीस श्लोकांवर लिहिला, त्यांतच ‘न धर्महेतुर्विहितापि हिंसा’, शास्त्राने सांगितलेली हिंसाही धर्माचे कारण होत नाही, असे यज्ञाविषयी सांगितले असून तिची तुलना राज्याच्या लोभाने स्वतःच्या मुलाला मारण्याशी केली आहे. तेथे ‘अमुक अपेक्षेने यज्ञहिंसा योग्य’ असे सापेक्ष विधान केलेले नाही. दुसऱ्या टोकाला सूत्रकृतांगातील जुनी गाथा आहे: आपल्याच मताची प्रशंसा आणि दुसऱ्याच्या वचनाची निंदा करणारे संसारातच अडकून राहतात. तत्त्वज्ञ मॅटिलाल (१९८१) यांनी अहिंसेशी जोडलेला अर्थ उचलून धरला. प्रस्तुत नोंदीचा कल कोर्ट यांच्याकडे आहे, परंतु वरील गाथेमुळे सहिष्णुतेचा अर्थ निव्वळ आधुनिक कल्पना म्हणून बाजूला टाकता येत नाही.

आपापसातील वादांत जैन आचार्यांनी ही पद्धत किती वापरली, याविषयी माहिती विस्कळीत आहे. यशोविजय (सतरावे शतक) यांनी ज्ञानसारात मध्यस्थवृत्तीवर स्वतंत्र अष्टक लिहिले. त्यांनीच अध्यात्ममतपरीक्षेत दिगंबर मतांचे खंडनही केले.