भक्ती व ज्ञान : गृहस्थाची साधना (मराठवाडा)

भक्ती व ज्ञान : मोक्षाची दोन साधने. ईश्वराला आपल्याहून वेगळे मानून प्रेमाने त्याची सेवा करणे ही भक्ती, आणि आत्मा व ब्रह्म एकच आहेत असा निश्चय होणे हे ज्ञान, असा भेद सामान्यतः केला जातो. यांपैकी श्रेष्ठ कोणते हा वाद जुना आहे. या नोंदीत त्या वादाचा फक्त एक भाग घेतला आहे. गोदावरीकाठच्या संतपरंपरेने, विशेषतः पैठणच्या एकनाथांनी, प्रपंचात असलेल्या माणसासाठी या दोन्हींची सांगड कशी घातली, तो हा भाग.

मराठवाड्यात ज्ञानाची बाजू मराठीत प्रथम कोणी मांडली, हे मुकुंदराजांच्या काळावर अवलंबून आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’च्या शेवटी येणाऱ्या ओवीवरून त्याचा रचनाकाल शके १११० (इ.स. ११८८) मानण्याची रूढी आहे. तो स्वीकारला, तर शांकर मताला धरून अद्वैत सांगणारा हा ग्रंथ ‘ज्ञानेश्वरी’च्या (शके १२१२, इ.स. १२९०) आधी सुमारे शंभर वर्षे झाला असे ठरते. मात्र ग्रंथाची उपलब्ध भाषा ‘ज्ञानेश्वरी’पेक्षा अर्वाचीन वाटते आणि हस्तलिखिते उत्तरकालीन आहेत. म्हणून कालदर्शक ओवी मागाहून जोडली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात व मुकुंदराजांना ज्ञानदेवांनंतर ठेवतात. नकलाकारांच्या हातून भाषा बदलत जाते हे ध्यानात घेता, केवळ भाषेच्या नवेपणावरून ग्रंथ नवा ठरवणे धोक्याचे आहे. पण एकट्या ओवीवर भिस्त ठेवणेही तितकेच धोक्याचे. स्थळाबाबतही दोन मते आहेत. एक मत अंबेजोगाईचे असून तेथील डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी दाखवतात. दुसरे मत वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे आहे. काळाचा निकाल कसाही लागो, ‘विवेकसिंधू’चा वाचक हा गुरूजवळ बसून विचार करायला सवड असलेला मुमुक्षू आहे. पेरणी, देणेकरी आणि लेकरांचे आजारपण सांभाळून हा विचार कसा करावा, हा त्या ग्रंथाचा प्रश्न नाही.

तो प्रश्न एकनाथांनी हाती घेतला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी १५२८, १५३३ व १५४८ अशी मते असून १५३३ हे साल अधिक रूढ आहे. समाधी फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ (इ.स. १५९९) अशी मानतात. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित व मुली असा त्यांचा संसार होता. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, म्हणजे गुरूही नोकरीपेशातलेच. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीकेचे, म्हणजे ‘एकनाथी भागवता’चे, पहिले पाच अध्याय पैठणला झाले. उरलेले वाराणसीत लिहून शके १४९५ च्या (इ.स. १५७३) कार्तिक पौर्णिमेला त्यांनी ग्रंथ पुरा केला. टीकेसाठी त्यांनी हाच स्कंध निवडला याला महत्त्व आहे, कारण गृहस्थाचा अधिकार त्यात नेमका सांगितला आहे.

या स्कंधाच्या विसाव्या अध्यायात (श्लोक ६ ते ८) कृष्ण उद्धवाला तीन योग सांगतो. कर्माला विटून ज्याने ते टाकले त्याला ज्ञानयोग, ज्याच्या कामना अजून जोरात आहेत त्याला कर्मयोग, आणि जो ‘न निर्विण्णो नातिसक्तः’, म्हणजे पुरता विटलेला नाही व फार गुंतलेलाही नाही, त्याला भक्तियोग. हे वर्णन संसारी माणसाचेच आहे. त्याच अध्यायात पुढे (श्लोक २७–२८) अधिक धीर देणारी गोष्ट येते. विषय दुःखरूप आहेत हे कळते, पण ते सोडण्याचे सामर्थ्य नाही, अशा माणसाने ते भोगत असतानाच, त्यांना बरे न म्हणता, दृढ निश्चयाने प्रेमपूर्वक भजावे. आधी वैराग्य आणून मग भक्तीला लागावे, अशी अट येथे नाही. ही अट नसणे हाच गृहस्थाच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मग ज्ञानाचे काय? शांकर परंपरेत भक्ती हे चित्तशुद्धीचे साधन व ज्ञान हे फळ, असा क्रम लावतात. वारकरी परंपरेचे अभ्यासक बहुधा ज्ञानोत्तर भक्तीवर भर देतात. ऐक्य कळल्यावरही भजन संपत नाही, ही ज्ञानदेवांची भूमिका त्यांना प्रमाण आहे. एकनाथांच्या अभंगात दोन्ही धागे सापडतात : ‘भक्तीचे उदरीं जन्मलें ज्ञान । भक्तीनें ज्ञानासी दिधलें महिमान ॥’ पुढे ते भक्तीला मूळ, वैराग्याला फूल व ज्ञानाला फळ म्हणतात. यावरून एकनाथांकडे भक्ती ही केवळ पायरी आहे असे म्हणता येत नाही, कारण फळ लागले म्हणून कोणी मूळ उपटत नाही. भागवताच्या याच अकराव्या स्कंधाच्या दुसऱ्या अध्यायातील ४२ व्या श्लोकात याला घासाचा दृष्टांत आहे. जेवणाऱ्याला घासागणिक समाधान, पोषण आणि भुकेची निवृत्ती ही तिन्ही एकाच वेळी मिळतात. तशीच भजणाऱ्याला भक्ती, ईश्वराचा अनुभव आणि इतरत्र विरक्ती ही एकदम मिळतात. म्हणजे सकाळी भक्ती आणि म्हातारपणी ज्ञान अशी वाटणी नाही. घास लहान असला तरी त्यात तिन्ही असतात.

गृहस्थाने ज्ञान म्हणून नेमके काय करायचे, ते याच स्कंधाच्या सतराव्या अध्यायात (श्लोक ५३–५४) आहे. बायको, मुले, आप्त यांची भेट ही वाटसरूंच्या भेटीसारखी आहे असा विचार करत घरात पाहुण्यासारखे, ‘मी-माझे’ सोडून राहावे. पाहुणा घरातून पळून जात नाही. ताटावर बसतो, हातभार लावतो, पण घरावर हक्क सांगत नाही. आपल्याकडे सोयरिकीत पाहुणचाराचे वजन मोठे असल्याने हा दृष्टांत येथल्या श्रोत्याला लगेच लागतो.

एकनाथांच्या चरित्रातला हिशेबाचा प्रसंग याच संदर्भात वाचावा. जनार्दनस्वामींनी कचेरीचा हिशेब शिष्याकडे सोपवला होता. एका रात्री एका पैची चूक लागेना. एकनाथ दिवा लावून वह्या उलटत बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैसाठी चित्त इतके एकाग्र होते, तर तेच देवाकडे लावले तर काय होईल. महिपतींची ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) ही चरित्रे समाधीनंतर दीडशेहून अधिक वर्षांची आहेत, त्यामुळे अशा प्रसंगांना परंपरा म्हणणेच सुरक्षित. तरी यातला विचार स्पष्ट आहे. वही टाकून दे असे गुरू म्हणाले नाहीत. वहीवर जे चित्त बसले, त्याची दिशा तेवढी दाखवली.

आजच्या आचारात ही सांगड प्रामुख्याने वारकरी घरांत दिसते. माळ, एकादशी व हरिपाठ ही भक्तीची बाजू, आणि अर्थासह थोड्या ओव्या वाचणे ही ज्ञानाची. उदाहरणादाखल पैठणकडील कापूस-तूर करणारे घर घ्यावे. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, गंध, आणि चहाआधी ‘ज्ञानेश्वरी’च्या २५ ओव्या. ग्रंथ सुमारे ९,००० ओव्यांचा असल्याने तो या गतीने वर्षभरात एकदा पुरा होतो. ‘एकनाथी भागवत’ त्याच्या दुपटीहून मोठे, सुमारे १८,८०० ओव्यांचे. रोज २० धरल्या तरी अडीच वर्षांवर जाते. संध्याकाळी दिवा लागल्यावर हरिपाठ, त्याला अर्धा तास पुरतो. टाळ एकच असला तर मुले हाताने टाळी धरतात.

हा नेम मोडतो तो ठराविक ठिकाणी. खुरपणीत आणि कापसाच्या वेचणीत सकाळचे वाचन आधी सुटते. राहिलेल्या ओव्या एकादशीला भरून काढायच्या, असे ठरले की त्या दिवशी दोनशे-तीनशे ओव्या नुसत्या डोळ्यांखालून जातात, आणि पुढच्या आठवड्यात पोथी उघडतच नाही. जाणते वारकरी यावर सोपा उपाय सांगतात. हरिपाठ सोडायचा नाही, वाचन पाच ओव्यांवर आणायचे, आणि थकबाकी भरायची नाही. सप्ताहातील पारायणाचे गणित वेगळे. सात दिवसांत ९,००० म्हणजे दिवसाला जवळपास १,३०० ओव्या होतात. तेथे अर्थाला थांबता येत नाही. गावाबरोबर एका सुरात वाचण्यात जो भाव येतो तो खरा असतो आणि अर्थ प्रवचनकार सांगतो. पारायण भक्तीला पोसते, पाच ओव्या विचाराला. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

सांगड बसली की नाही हे कसे ओळखावे? घासाचा दृष्टांत ज्यात आहे त्याच दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४५–४७) भक्तांच्या तीन पायऱ्या आहेत. मूर्तीची श्रद्धेने पूजा करतो पण माणसांत देव पाहत नाही, तो पहिल्या पायरीवरचा. मधला देवावर प्रेम, भक्तांशी मैत्री, अजाणांवर कृपा आणि द्वेष्ट्यांची उपेक्षा करतो. सर्वांभूती भगवंत पाहतो तो उत्तम. बांधावरून भाऊबंदांशी तंटा चालू असलेल्या घरात ही कसोटी लगेच लागते. मोजणी मागवणे, हक्क सांगणे यात काही वावगे नाही. पण हरिपाठ संपताच चुलत्याचे नाव निघून शिव्या सुरू होत असतील, तर भक्ती देव्हाऱ्यातच थांबली आहे. उलट ‘सगळे ब्रह्मच, कोणाचा बांध नि काय’ असे म्हणत वाट्याचे कर्ज भरायला टाळाटाळ होत असेल, तर ते वाचाज्ञान. मोजणी झाली, खूण पडली, आणि त्याच चुलत्याच्या घरच्या दुखवट्याला माणूस आधी जाऊन बसला, तर पाहुण्याचा दृष्टांत थोडा तरी उतरला असे म्हणता येते.

भक्ती असून ज्ञान नसल्याची परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध कथाही मराठवाड्यातलीच. तेरच्या गोरोबाकाकांकडे संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे एकेकाच्या डोक्यावर ठोकले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव चिडले, आणि काकांनी हे मडके कच्चे ठरवले. नामदेव मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे त्यांना सांगितले. नामदेवांची भक्ती येथे खोटी ठरवलेली नाही, तिला फक्त एका जागेतून बाहेर काढले आहे.

गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग या प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवतात. त्या गृहस्थ नव्हेत, नामदेवांच्या घरच्या दासी. त्यांना ना पोथीला वेळ, ना देव्हाऱ्याचा हक्क. त्यांच्या अभंगांत देव जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. नाम दळणासोबत चालते आणि दळण थांबत नाही.