एंटरप्राइझ व्हॅल्यू 1,000, मग शेअर 100 चा का नाही?

एफसीएफएफ, म्हणजे फ्री कॅश फ्लो टू द फर्म, ही कर आणि भांडवली खर्च भागवून उरलेली, पण व्याज न वजा केलेली रोकड. तिच्यावर कर्ज देणाऱ्यांचाही हक्क असतो आणि भागधारकांचाही. म्हणून ती डिस्काउंट करून मिळते ती सगळ्या धंद्याची किंमत, म्हणजे एंटरप्राइझ व्हॅल्यू. इक्विटी व्हॅल्यू हा त्यातला फक्त भागधारकांचा वाटा.

एक काल्पनिक कंपनी घेऊ, आकडे कोटींत. पुढच्या वर्षीचा व्याज आणि करापूर्वीचा नफा 100. कर 25 टक्के, म्हणून उरले 75. त्यात घसारा 30 मिळवला, भांडवली खर्च 40 आणि खेळत्या भांडवलातली वाढ 5 वजा केली, की एफसीएफएफ 60. भांडवलाची सरासरी किंमत, म्हणजेच डिस्काउंट दर, 11 टक्के आणि कायमची वाढ 5 टक्के धरली, तर फरक 6 टक्के; 60 भागिले 0.06, म्हणजे 1,000.

शेअर 10 कोटी आहेत. घाईत माणूस इथेच भागाकार करतो आणि 100 लिहून मोकळा होतो. पण कंपनीवर 300 चं कर्ज आहे, ते आधी वजा. हाताशी 80 ची रोकड आहे. तिच्यावरचं व्याज नफ्यात धरलेलं नाही, म्हणून ती मिळवायची. उपकंपनीचा सगळा नफा कंपनीच्या नफ्यात एकत्र झालाय, पण तिथल्या बाहेरच्या भागधारकांचा वाटा आपला नाही. त्याची किंमत 40 धरली आहे, तीही वजा. हाती आले 740, शेअरमागे 74.

कर्मचाऱ्यांकडे 37 ला शेअर घेण्याचे 1 कोटी ऑप्शन असतील, तर आणखी थोडं घटतं. सगळे वापरले गेले असं धरलं तर 740 मध्ये त्यांचे 37 कोटी येतात आणि शेअर 11 कोटी होतात. 777 भागिले 11, म्हणजे साधारण 70.6. ऑप्शनच्या उरलेल्या मुदतीची किंमत यात धरलेली नाही, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमीच निघेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र भागाकाराच्या आधीच होते. 300 वर 8 टक्क्यांनी व्याज 24, करबचत धरून 18. कुणी हे 18 रोख प्रवाहातूनच वजा करतो आणि शेवटी कर्जही वजा करतो. मग प्रवाह 42, मूल्य 700, आणि वजाबाकी-बेरजेनंतर 440. ऑप्शन बाजूला ठेवले तर शेअर 74 चा 44 वर येतो. कर्ज एकच, कापलं दोनदा. माझी तपासणी साधी आहे: शीटमध्ये कर्जाचा व्याजदर बदलून पाहतो. एफसीएफएफची ओळ हलली, तर व्याज आत शिरलंय. डिस्काउंट दर हलला तर ते बरोबरच आहे, कारण व्याजाची जागा तिथेच असते.