शंभर टक्क्यांचा छेद

दहावीचा निकाल लागला की मुंबईत स्टेशनबाहेर बॅनर चढतात. आमच्या दादरच्या घराजवळच्या एका शाळेचा बॅनर गेली काही वर्षं एकच आकडा मिरवतो: निकाल १०० टक्के. शेजारच्या वहिनींचा मुलगा त्याच शाळेत होता. नववीच्या शेवटी त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "गणित कच्चं आहे, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा." म्हणजे परीक्षा बोर्डाचीच, पण खाजगी विद्यार्थी म्हणून. शाळेच्या निकालात तो धरला जात नाही.

टक्केवारी हा अपूर्णांक असतो. वर उत्तीर्ण मुलं, खाली परीक्षेला बसलेली मुलं. अंश वाढवायला वर्षभर शिकवावं लागतं. छेद कमी करायला एक फॉर्म पुरतो.

अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार होते. १९७५ साली त्यांनी मांडलं की आकडेवारीत दिसणारा एखादा नियमित संबंध नियंत्रणासाठी वापरायला घेतला, की तो कोसळू लागतो. (हा नियम समजावताना दिल्लीतल्या नागांची गोष्ट हमखास सांगतात: इंग्रजांनी मेलेल्या नागामागे इनाम लावलं आणि लोक नाग पाळू लागले. या गोष्टीला धड पुरावा नाही, तरी ती फॉरवर्ड होतच राहते. १९०२ च्या हनोईतली उंदरांची गोष्ट मात्र कागदोपत्री आहे. तिथे शेपटीमागे पैसे मिळायचे, मग शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर दिसू लागले.)

अशा गोष्टी ऐकून वाटतं की सगळा दोष लबाडीचा. मला या नियमातला सर्वांत रंजक भाग वेगळाच वाटतो. कुणीही लबाडी केली नाही तरी माप बिघडतं. कसं, ते एका कल्पित वर्गावर करून बघू.

समजा, तिसरीच्या गणितात २०० प्रकारची उदाहरणं आहेत. सगळी विचारायला वेळ नाही, म्हणून परीक्षेत ४० येतात. परीक्षा म्हणजे भात शिजला का बघायला दाबलेलं शीत. एका मुलीला २०० पैकी १२० प्रकार येतात. कुठलेही ४० काढले तर तिला साधारण २४ जमतील, म्हणजे ६० टक्के. खरं ज्ञानही ६० टक्केच. माप चोख आहे.

आता निकालावर शाळेचं नाव ठरू लागतं. बाईंच्या लक्षात येतं की दरवर्षी साधारण तेच ४० प्रकार फिरून येतात. अपेक्षित प्रश्नसंच बाजारात मिळतातच. बाई प्रामाणिक आहेत, पेपर फोडत नाहीत. फक्त त्या ४० वर जास्त तास देतात. मुलीला त्यातले ३६ येऊ लागतात. तास कुठून तरी काढावेच लागतात, म्हणून उरलेल्या १६० पैकी आधी ९६ यायचे, ते ९० होतात. एकूण १२६, म्हणजे ६३ टक्के. गुणपत्रिकेवर मात्र ९० टक्के. ज्ञान तीन टक्क्यांनी वाढलं, माप तीस टक्क्यांनी. शीत तेवढं शिजलं, भात जवळपास होता तसाच.

हे नुसतं कागदी गणित नाही. अमेरिकेत डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका मोठ्या शहरी शालेय जिल्ह्याचा अभ्यास मांडला. जिल्ह्याचं नाव त्यांनी उघड केलं नाही. तिथे तिसरीच्या गणितासाठी वर्षानुवर्षं एकच चाचणी वापरली जायची आणि गुण छान होते. १९८७ मध्ये चाचणी बदलली. विषय तोच, इयत्ता तीच, तरी गुण सुमारे अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके खाली आले. पुढच्या तीन वर्षांत ते हळूहळू चढून जुन्या जागी पोचले. शिक्षण सुधारलं, असं कुणीही म्हणालं असतं. पण १९९० मध्ये संशोधकांनी काही वर्गांना ती जुनी, सगळे विसरून गेलेली चाचणी दिली. आता तिच्यात गुण सुमारे अर्ध्या वर्षाने कमी आले. ज्या चाचणीवर दाब होता, ती फुगली होती. दाब सरकला तशी सूजही सरकली.

फुगलेलं माप ओळखायची खरी युक्ती यातच आहे: तीच गोष्ट मोजणारं, पण कुणाचंही नाव, बढती किंवा अनुदान ज्यावर अवलंबून नाही असं दुसरं माप घ्यायचं. दोन्ही एकत्र चढली तर शिक्षण वाढलं असण्याची शक्यता आहे. एकच चढलं तर शंका घ्यावी.

आपल्या दहावीकडे याच नजरेने बघू. बऱ्याच विषयांत ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात. उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून ३५ लागतात. शाळेने वीसच्या वीस दिले, तर ८० च्या लेखीत १५ पुरतात. २०१९ मध्ये भाषांसारख्या विषयांतले हे वीस गुण काढून टाकले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. आरडाओरडा झाला; बाकीच्या बोर्डांच्या मुलांपुढे आमची मुलं अकरावीच्या कटऑफला मागे पडतील, ही पालकांची भीती खरीच होती. वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. इथे मात्र जपून बोलायला हवं. २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, आणि २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे सरासरीने गुण दिले. त्यामुळे सगळा चढउतार त्या वीस गुणांच्या माथी मारता येत नाही. पण मुलांची समज एका वर्षात बारा टक्के घटली आणि पुढच्या वर्षी अठराने वाढली, यावर कोण विश्वास ठेवेल?

नियंत्रणासाठी धरलेला आकडा बँकांतही असाच फसला, फक्त ते थोडं किचकट आहे. महागाई आणि बाजारातला पैसा यांचा संबंध दिसतो, म्हणून ब्रिटनने तो पैसा आवरायचं ठरवलं. डिसेंबर १९७३ पासून नियम असा की व्याज द्याव्या लागणाऱ्या ठेवी ठरल्यापेक्षा वेगाने वाढल्या, तर बँकेने वाढीव रकमेचा काही भाग बँक ऑफ इंग्लंडकडे बिनव्याजी ठेवायचा. बँकांनी कर्ज देणं थांबवलं नाही, वाट बदलली. कंपनी हुंडी काढायची, बँक तिच्यावर हमीची सही करायची, आणि ती हुंडी बँकेबाहेरचा कुणीतरी विकत घ्यायचा. कंपनीला पैसे मिळाले, पण बँकेच्या ठेवी वाढल्याच नाहीत. आकडा शिस्तीत, कर्ज मोकाट. जून १९८० मध्ये हे बंधन उठलं आणि बाहेर गेलेला व्यवहार बँकांच्या वहीत परतला. एकट्या जुलैत पैशाचा तो आकडा सुमारे ५ टक्क्यांनी उसळला. त्या महिन्यात देशात काही अचानक घडलं नव्हतं. लपलेलं दिसू लागलं होतं.

आपल्या फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेनेही १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पैशाच्या वाढीचं लक्ष्य ठेवलं होतं. १९९८ मध्ये तिने तो एकच आकडा धरून चालणं सोडलं आणि व्याजदर, पतपुरवठा, विनिमय दर असे अनेक निर्देशक बघायला सुरुवात केली.

वहिनींच्या मुलाने सतरा नंबरचाच फॉर्म भरला. घरी बसून गणित केलं, ५२ टक्क्यांनी पास झाला. बॅनर त्याच आठवड्यात लागला. तो शाळेत राहिला असता तरी त्यावर १०० च लिहिलं असतं.