ओठांतला फिलर: विरलेला की सरकलेला?

ओठांत फिलर भरल्यावर काही महिन्यांनी आरशात ओठ सपाट, आकारहीन वाटू लागतात, आणि फिलर विरला असे समजून पुन्हा इंजेक्शन घेतले जाते. पण तसाच सपाटपणा फिलर जागेवरून सरकल्यामुळेही येतो. दोन्हींवरचा उपाय नेमका उलट असल्यामुळे त्यांतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

हायलुरॉनिक आम्लाचा फिलर खरोखर विरतो तेव्हा ओठ हळूहळू मूळच्या आकाराकडे परततात. ओठांची कड रेखीव राहते आणि वरच्या ओठापासून नाकापर्यंतची त्वचा पूर्वीसारखीच असते. सरकलेल्या फिलरमध्ये मात्र तो ओठाच्या कडेबाहेर, वरच्या त्वचेत जाऊन बसतो. कड पुसट होते, बाजूने पाहिल्यास ओठाच्या वर फुगीर कंगोरा दिसतो, आणि नाक व ओठ यांमधला भाग जड वाटतो. ओठ सतत हलणाऱ्या स्नायूंनी वेढलेले असतात. त्यात एका वेळी जास्त प्रमाणात किंवा फार लवकर पुन्हा भरले, की जेल सहज वाट मिळेल तिकडे पसरते. हे आम्ल पाणी धरून ठेवते, त्यामुळे उरलेल्या थोड्या जेलनेही फुगवटा जाणवतो.

समजा, एखादी स्त्री दर पाच-सहा महिन्यांनी अर्धा मिलिलिटर भरून घेते. सहा ते बारा महिन्यांत फिलर संपतो असे तिला सांगितलेले असते, पण एमआरआय तपासण्यांत तो काहींच्या चेहऱ्यात दोन वर्षांहून अधिक काळ उरलेला आढळला आहे. म्हणजे तिसऱ्या वेळचे इंजेक्शन रिकाम्या ओठांत नव्हे, तर आधीच्या साठ्यावर पडते. दरम्यान तिची नजरही सरावते. ती ताज्या चेहऱ्याची तुलना गेल्या महिन्याच्या चेहऱ्याशी करते, पहिल्या इंजेक्शनपूर्वीच्या चेहऱ्याशी नव्हे, आणि हा भाग मला सर्वांत चिंतेचा वाटतो, कारण बिघाड एका दिवसात घडत नसल्याने तो कुणाच्याच, अगदी घरच्यांच्याही, लक्षात येत नाही.

म्हणून पुढची वेळ ठरवण्यापूर्वी सर्वांत जुना फोटो काढावा, आणि त्याच प्रकाशात, त्याच कोनातून, समोरून व बाजूने नवे फोटो घेऊन तुलना करावी. हसतानाचाही एक घ्यावा. मात्र इंजेक्शननंतरचे पहिले दोन आठवडे सुजेचे असतात, तेव्हा काहीच ठरवू नये.

सरकल्याचे दिसल्यास आणखी भरल्याने कंगोरा वाढतच जातो. अशा वेळी डॉक्टर हायलुरॉनिडेज हे विकर टोचून जेल विरघळवतात. बराचसा परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो, पण काही वेळा एकाहून अधिक बैठका लागतात. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्या विषातही याच प्रकारचे विकर असते. पुन्हा भरायचेच असेल, तर किमान दोन आठवडे थांबून मूळचा ओठ आधी पाहून घ्यावा. सिलिकॉनसारखे कायमस्वरूपी पदार्थ या विकराने विरघळत नाहीत.