एका रात्रीत पंचवीस मार्क

"दिवसभर मोबाईल घेऊन बसून राहते, कामाला हातच लावत नाही," असा ताईचा प्रतापनगरहून फोन आला, तेव्हा भाचीचा पर्यावरणाचा प्रकल्प जमा करायला चार दिवस उरले होते. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ९६ टक्के. मी ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून ताईची अपेक्षा अशी की मावशीने येऊन दोन शब्द सुनवावेत.

शनिवारी गेले. टेबलावर नवी कोरी फाईल होती आणि खालच्या टोपलीत चुरगळलेले फुलस्केप कागद. एकेक उलगडून पाहिला. अकरा पानं, आणि अकराही पानांवर एकच गोष्ट: प्रस्तावना. एक पान चौथ्या ओळीवर खाडाखोड झाली म्हणून टाकलेलं, एकावर समास तिरका गेलेला, एकावरचं पहिलंच वाक्य 'बाळबोध वाटलं' म्हणून. शेजारच्या डायरीत मात्र दोन रविवार अंबाझरी तलावाच्या काठावर उभं राहून घेतलेल्या नोंदी पेन्सिलीने व्यवस्थित लिहिलेल्या होत्या: पाण्याचा रंग, वास, तरंगणाऱ्या कचऱ्याचे प्रकार, वेळ. म्हणजे फिरण्याचं, निरीक्षणाचं काम पूर्ण होतं. अडलं होतं ते फक्त तेवढंच, ज्यावर सर लाल पेन फिरवणार होते.

आळशी मुलाच्या टोपलीत अकरा पानं सापडत नाहीत.

मोबाईल कधी हातात येतो ते मी तासभर बसून पाहिलं. पान फाटलं की लगेच. पान समोर असताना छातीत जे दडपण येतं, ते फाईल मिटताच उतरतं. हा सुटकेचा क्षणच मेंदूला शिकवून जातो की फाईल मिटली की बरं वाटतं. नकोशी भावना गेल्यामुळे एखादी सवय पक्की होणं, याला मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. उद्या फाईल उघडताना दडपण थोडं जास्त असतं, कारण दिवस कमी झालेला असतो, आणि म्हणून मिटल्यावरची सुटकाही जास्त गोड लागते. (यावर उपाय म्हणून हल्ली 'डोपामाइन डिटॉक्स' वगैरे नावांचे कोर्स विकतात. ताईने ब्राह्मीचं सिरप आणलं होतं, टेबल पूर्वेकडे वळवलं होतं. दडपण टेबलाच्या दिशेतून येतच नव्हतं.)

पण माझ्या मते खरी गाठ याच्याही खाली आहे. दडपण एवढं का येतं?

१९७८ साली स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सुटणारी कोडी दिली, काहींना बहुतेक न सुटणारी, आणि सगळ्यांना सांगितलं की तुम्ही उत्तम केलंत. दुसऱ्या गटाने अंदाजपंचे उत्तरं दिली होती. शाबासकी कशाची, हे त्यांना कळेना. मग सांगितलं की आता पुन्हा चाचणी आहे, पण आधी दोनपैकी एक गोळी निवडा: एक बुद्धीला चालना देते, दुसरी ती मंदावते. गोळ्या खोट्याच होत्या आणि द्यायच्याही नव्हत्या, पाहायची होती ती निवड. ज्यांना आपलं यश कुठून आलं हे ठाऊक नव्हतं, त्यांच्यातल्या बहुतेक मुलग्यांनी बुद्धी मंदावणारी गोळी मागितली. मुलींमध्ये त्या प्रयोगात असं स्पष्ट दिसलं नाही.

स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा? कारण धोंडा कामाचा असतो. आता चाचणी बिघडली तर दोष गोळीचा, आणि चांगली गेली तर 'गोळी घेऊनही जमलं!' दोन्हीकडून 'हुशार' ही पाटी शाबूत राहते. या वागण्याला सेल्फ-हँडिकॅपिंग असं नाव पडलं. उशीर ही तशीच गोळी आहे, फक्त ती विकत आणावी लागत नाही.

भाचीने पहिल्या सत्रातला प्रकल्प आदल्या रात्री अकराला सुरू करून पहाटे चारला संपवला होता. ३० पैकी २५ मिळाले. घरात काय बोलणं झालं? "एका रात्रीत पंचवीस! वेळ दिला असता तर तीसच्या तीस." हे वाक्य मीही तेव्हा कौतुकाने म्हटलं होतं. तिच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. रात्रीत लिहून २५ म्हणजे अफाट बुद्धी. पंधरा दिवस मन लावून लिहून २५ आले, तर तीच आपली हद्द. पहिला सौदा कोण सोडेल? आणि ९६ टक्क्यांचं तिचं स्वतःचं स्पष्टीकरण काय, तर "पेपर सोपे होते ना मावशी, लागून गेले." न सुटणाऱ्या कोड्यांवर शाबासकी मिळालेल्या त्या मुलग्यांसारखंच.

हे कसं ओळखायचं, याची किल्ली २००० साली जोसेफ फेरारी आणि डायान टाइस यांच्या प्रयोगात मिळते. गणिताची एक चाचणी होणार होती. मधल्या वेळात सराव करा, नाहीतर खेळ खेळा, अशी मोकळीक होती. चाचणी तुमची बौद्धिक क्षमता मोजते असं सांगितलं, तेव्हा नेहमी टाळाटाळ करणाऱ्यांनी सराव टाळला. तीच चाचणी गंमत म्हणून आहे असं सांगितलं, तेव्हा ते इतरांसारखेच वागले. काम तेच होतं, त्यावरची मोजपट्टी तेवढी काढली होती.

म्हणून मी ताईला एकच विचारलं, बिनमार्कांची कामं ही कधी करते? ताई थांबून म्हणाली, धाकट्याची चित्रकलेची वही हिनेच पूर्ण केली, सोसायटीच्या गणपतीचा सगळा हिशेब हिनेच लिहिला, तोही वेळेत. इथे उत्तर मिळालं. उशीर सगळीकडेच होत असता, आवडीच्या कामातही, वस्तू हरवणं, मध्येच लक्ष उडणं लहानपणापासून असतं, तर एडीएचडीची तपासणी करायला सांगितली असती. झोप, भूक, हसणं-बोलणं दोन आठवडे मंदावलं असतं, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनवर आधी बोलायला लावलं असतं.

परफेक्शनिझम म्हणजे टाळाटाळ, हे समीकरणही सरसकट खरं नाही. उंच ध्येय ठेवणारी माणसं उलट कमी टाळाटाळ करतात, असं बऱ्याच अभ्यासांची बेरीज केल्यावर दिसतं. टाळाटाळीशी नातं आहे ते दुसऱ्या भागाचं: चूक झाली तर लोक काय म्हणतील, या धास्तीचं. म्हणून तिला 'अपेक्षा कमी कर' सांगण्यात अर्थ नव्हता.

आम्ही प्रस्तावना सोडून दिली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने निरीक्षणं आधी लिहायची, पंधरा मिनिटं, आणि खोडरबर माझ्याकडे. पहिली पाच मिनिटं ती नुसती पेन्सिल फिरवत होती. मग पाण्यावरच्या हिरव्या तवंगाबद्दल लिहिताना वेग आला. पंधरा मिनिटांचा गजर झाला तो तिने स्वतःच बंद केला आणि पुढे लिहीत राहिली. प्रस्तावना सर्वांत शेवटी, मंगळवारी रात्री लिहिली, सहा ओळींची. घरी ठरलं की मार्कांवर 'हुशार' म्हणायचं नाही. निरीक्षणाची कोणती नोंद कशी सुचली, ते विचारायचं. ताईला हे फार जड गेलं, अजूनही जातं.

यावेळी २४ आले, मागच्यापेक्षा एक कमी. संध्याकाळी ती गप्प होती. दडपण एका प्रकल्पाने जात नाही, कारण 'वेळ देऊनही चोवीस' हीच तर तिची भीती होती, आणि ती खरी ठरली होती.

गेल्या आठवड्यात तिने मला फिजिक्सच्या जर्नलच्या रफ पानाचा फोटो पाठवला. आलेखाचे अक्ष अदलाबदल झाले होते, आणि खाली 'निष्कर्ष' लिहून पुढे काहीच नव्हतं. खाली मेसेज होता, "अर्धंच झालंय, पण बघ ना."